'शेतकरी'चे शेजारी चुकीचे का येतात? छोट्या मराठी बातमीसंग्रहावरचे स्किप-ग्रॅम दुरुस्त करताना

मराठी बातम्यांचा छोटा संग्रह, म्हणजे साधारण ५ ते २० लाख शब्दांचा. त्यावर निगेटिव्ह सॅम्पलिंगसह स्किप-ग्रॅम, म्हणजे शब्दाच्या आजूबाजूच्या शब्दांवरून त्याचा आकड्यांचा व्हेक्टर बनवणारे मॉडेल, शिकवायचे आणि मग 'शेतकरी', 'पाऊस', 'निवडणूक' अशा शब्दांचे जवळचे शेजारी काढून पाहायचे. हे काम मी स्वतःसाठी केले आणि नंतर इतरांचे बिघडलेले अनेकदा दुरुस्त करून दिले. बिघाड दरवेळी नवा वाटतो, पण खोलात गेलो की त्याच पाच-सहा कारणांपैकी एखादे हाती लागते. त्यातली बहुतेक कारणे मॉडेलच्या आधी, मजकुरात दडलेली असतात. म्हणून सेटिंग बदलत बसण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. हा क्रम एका मिनिटाच्या तपासणीपासून आठवडाभराच्या कामापर्यंत जातो. उदाहरणे पायथनमधल्या `gensim` ची, चौथ्या आवृत्तीची आहेत.

आधी लक्षणे

तुमची यादी पुढीलपैकी कशी दिसते ते पाहा. एकाच यादीत दोन लक्षणेही असू शकतात.

- शेजारी म्हणून शब्द येतच नाहीत, शब्दांचे तुकडे येतात: 'तकऱ', 'मर', 'ठ'.
- शेजारी कुठलेही, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि पहिल्या शेजाऱ्याचे साम्य ०.४ च्या आसपास.
- कोणताही शब्द विचारा, पहिल्या दहांचे साम्य ०.९८ ते ०.९९. शेजारी मात्र असंबद्धच.
- शब्द स्वतःचाच शेजारी येतो. 'शेतकऱ्यांना' विचारले तर यादीत सर्वांत वर पुन्हा 'शेतकर्‍यांना'.
- शेजाऱ्यांत 'क्लिक', 'टेलिग्राम', 'हेही', 'वाचा' असले शब्द, किंवा दहाच्या दहा शब्द एकाच बातमीतले.
- पुन्हा शिकवले की यादी निम्म्याहून जास्त बदलते.

दोन गोष्टी मात्र बिघाड नाहीत, त्यामागे वेळ घालवू नका. 'वाढ'चा शेजारी 'घट' येणे किंवा 'विजय'चा 'पराभव' येणे बरोबरच आहे, कारण बातमीत दोघांच्या आजूबाजूचे शब्द सारखेच असतात आणि स्किप-ग्रॅमला तेवढेच दिसते. तसेच 'पुण्यात'चे शेजारी 'नागपुरात', 'नाशिकमध्ये' असे विभक्तीसकट आले तर तेही ठीक आहे. त्या जागी व्याकरणाने तशीच रूपे बसतात.

पहिली तपासणी: टोकन डोळ्यांनी पाहा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. मॉडेल बाजूला ठेवा, पहिली वीस वाक्ये टोकन करून छापा आणि वाचा. तुकड्यांचे लक्षण असेल तर बहुधा इथेच सापडेल.

```python
import re
re.findall(r'\w+', 'मराठी शेतकऱ्यांना')
# ['मर', 'ठ', 'श', 'तकऱ', 'य', 'न']
```

पायथनच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेखा. देवनागरीतील काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडमध्ये अक्षरे नव्हेत तर जोडचिन्हे म्हणून नोंदलेली आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. `gensim` ची `simple_preprocess` आतून हेच करते, शिवाय एका अक्षराचे तुकडे फेकून देते. म्हणून 'मराठी'चे नुसते 'मर' उरते आणि ते टोकन पाहणाऱ्याला खरा शब्दच वाटते. अशा वेळी चूक लवकर कळत नाही. मॉडेल शिकते, शेजारीही देते, पण ते शेजारी वेगवेगळ्या शब्दांच्या एकत्र झालेल्या तुकड्यांचे असतात.

उपाय सोपा आहे. देवनागरीचा पट्टाच सांगा, त्यातून दंड आणि अंक वगळा, आणि न दिसणारी दोन चिन्हे, U+200C आणि U+200D, आत ठेवा. ती का ठेवायची ते चौथ्या तपासणीत येईल.

```python
SHABDA = re.compile(r'[\u0900-\u0963\u0971-\u097F\u200c\u200d]+')
tokens = SHABDA.findall(vakya)
```

दुसरी तपासणी: लॉग आणि चार गोष्टी

पुन्हा शिकवायची गरज नाही, फक्त वाचायचे आहे. लॉग बंद असेल तर `logging.basicConfig(level=logging.INFO)` ने चालू करा.

सर्वांत आधी `sg=1` दिले आहे का ते पाहा. न दिल्यास `gensim` स्किप-ग्रॅमऐवजी सीबो, म्हणजे आजूबाजूच्या शब्दांवरून मधला शब्द ओळखणारे मॉडेल, शिकवते, कारण तिथे मूळ किंमत `sg=0` आहे. छोट्या संग्रहात कमी वेळा येणाऱ्या शब्दांसाठी स्किप-ग्रॅम बरे पडते. त्यामुळे हा फरक शेजाऱ्यांच्या यादीत दिसतो.

मग साम्य ०.४ असल्याचे लक्षण. त्याचा अर्थ मला नेहमी आकड्यावरूनच कळतो. १०० मापांचे दोन यादृच्छिक व्हेक्टर घेतले तर त्यांचे कोसाइन साम्य शून्याभोवती पसरते आणि पसरण साधारण ०.१ असते. २०,००० शब्दांतून त्यातला सर्वांत जवळचा निवडला तर तो चारेक पसरणी वर, म्हणजे ०.४ च्या आसपास निघतो. थोडक्यात, असंबद्ध शेजारी आणि वर ०.४ दिसले तर मॉडेल वाईट शिकले असे समजू नका. ते मुळीच शिकलेले नाही आणि तुम्ही सुरुवातीचे यादृच्छिक आकडे पाहत आहात.

असे कधी होते? वाक्ये एकदाच वाचता येतील अशा वस्तूतून दिली तर. जनरेटर दिला तर `gensim` स्वतःच नकार देते, पण `map(...)` ची वस्तू ते मुकाट्याने घेते. शब्दसंग्रह तयार करताना ती एकदा वाचून संपते आणि शिकवायच्या वेळी हातात काहीच उरत नाही. लॉगमध्ये मिळालेल्या वाक्यांची संख्या 0 आणि ती अपेक्षित संख्येशी जुळत नसल्याचा इशारा येतो. १० लाख शब्द मेमरीत सहज मावतात, तेव्हा सरळ यादी करा: `sentences = list(...)`.

दुसरी अशीच मुकी चूक म्हणजे सगळा संग्रह एकच लांब वाक्य म्हणून देणे. `gensim` एका वाक्यातले पहिले १०,००० शब्दच शिकवायला घेते आणि पुढचे सोडून देते. शब्दसंग्रह मात्र पूर्ण मोजला जातो, म्हणून `len(model.wv)` पाहून सगळे ठीक वाटते. एकेका बातमीची किंवा परिच्छेदाची वेगळी यादी करा. आणि प्रत्येक घटक ही टोकनांची यादी आहे, नुसती स्ट्रिंग नाही, हेही एकदा तपासा. स्ट्रिंग दिली तर प्रत्येक कॅरॅक्टर हाच एक शब्द बनतो.

तिसरी तपासणी: शब्द किती वेळा आला?

```python
model.wv.get_vecattr('शेतकरी', 'count')
model.wv.most_similar('शेतकरी', topn=10, restrict_vocab=5000)
```

पहिली ओळ शब्दाची वारंवारता सांगते. दुसरी शेजारी शोधताना फक्त सर्वाधिक येणारे ५,००० शब्द विचारात घेते. ही यादी नेहमीच्या यादीशेजारी ठेवून पाहा. `restrict_vocab` ने यादी एकदम शहाणी झाली, तर मॉडेल ठीक आहे आणि त्रास विरळ शब्दांचा आहे. पाच-सहा वेळा आलेल्या शब्दाचा व्हेक्टर त्या पाच-सहा वाक्यांपलीकडे काही जाणत नाही. तो योगायोगाने एखाद्या चांगल्या शब्दाजवळ जाऊन बसतो आणि यादीत वरची जागा अडवतो. अशा वेळी `min_count` ५ वरून १० किंवा १५ करा. शब्दसंग्रह आक्रसेल, पण जे उरेल त्यावर भरवसा ठेवता येईल.

विचारलेला शब्दच ५० पेक्षा कमी वेळा आला असेल तर मी त्याच्या शेजाऱ्यांवरून कोणताही निष्कर्ष काढत नाही. ही माझी स्वतःची रेषा आहे, नियम नव्हे. पण ती आखल्यापासून माझी पुष्कळ फुकटची शोधाशोध वाचली.

चौथी तपासणी: एकच शब्द, दोन लेखने

आता ते स्वतःचाच शेजारी असणारे लक्षण. `most_similar` विचारलेला शब्द यादीतून वगळते. तरीही तोच शब्द डोळ्यांना दिसत असेल तर तो आतून वेगळा आहे.

पीएचडी करणाऱ्या एका मैत्रिणीने तिची यादी मला पाठवली होती. संग्रह सुमारे १० लाख शब्दांचा, तीन वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून घेतलेला. 'शेतकऱ्यांना'चा पहिला शेजारी 'शेतकर्‍यांना', 'वाऱ्याचा'चा 'वार्‍याचा', 'दुसऱ्या'चा 'दुसर्‍या'. तिने तीन दिवस `window` आणि `negative` बदलून पाहिले होते. 'दादा, मॉडेल तोच शब्द परत देतंय, हे कसं शक्य आहे?' असे तिने विचारले, तेव्हा मी तिला एवढेच म्हणालो, की दोन्ही शब्दांचे कोड छापून बघ.

```python
[hex(ord(c)) for c in shabda]
```

एका रूपात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, U+0931, आणि त्यापुढे हलन्त होते. दुसऱ्यात साधा 'र', U+0930, मग हलन्त आणि मग न दिसणारा जोडक U+200D. दोन्हींतून पडद्यावर तोच अर्धा, आडवा 'र' उमटतो. कोणते रूप येईल हे कीबोर्डवर आणि प्रत्येक कार्यालयाच्या टंकनपद्धतीवर ठरते. मराठीत हा घोळ फार महागात पडतो, कारण 'शेतकरी', 'कर्मचारी', 'अधिकारी', 'व्यापारी', 'पदाधिकारी' हे बातम्यांतले हुकमी शब्द सामान्यरूपात सगळे 'ऱ्या' घेतात. प्रत्येकाचे दोन-दोन शब्द होतात, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मीच वाक्ये येतात आणि दोन्ही व्हेक्टर कच्चे राहतात.

युनिकोडची एनएफसी ही नेहमीची सफाई इथे अर्धेच काम करते. 'र' आणि खालचा नुक्ता वेगळे लिहिले असतील तर ती त्यांचा 'ऱ' करते, पण जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. तशीच दुसरी जोडी 'ॲ'ची आहे. 'ॲप' एका अक्षराने, U+0972 ने, लिहिता येते आणि 'अॅप' असे 'अ'वर चंद्र देऊनही. एनएफसीच्या लेखी हे दोन वेगळेच राहतात. म्हणून बदल स्वतः लिहावे लागतात:

```python
import unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize('NFC', s)
    s = s.replace('\u0930\u094d\u200d', '\u0931\u094d')
    s = s.replace('\u0905\u0945', '\u0972')
    return s.replace('\u200c', '').replace('\u200d', '')
```

ओळींचा क्रम बदलू नका. जोडक आधी काढून टाकला तर 'शेतकर्‍यांना'चे 'शेतकर्यांना' होते, म्हणजे रफार असलेले तिसरेच रूप. मग ते पहिल्याशी कधीच जुळणार नाही. मैत्रिणीने नेमके हेच आधी करून पाहिले होते. 'अदृश्य चिन्हे काढली, तरी फरक पडला नाही' असे ती म्हणत होती, तो त्याचाच परिणाम.

ही सफाई टोकन करण्याआधी, पूर्ण मजकुरावर करा. नंतर `min_count` ओलांडणाऱ्या शब्दांची संख्या पुन्हा मोजा.

पाचवी तपासणी: पुनरुक्त बातम्या

वृत्तसंस्थेची एकच बातमी तीन ठिकाणी जशीच्या तशी छापली जाते. संकेतस्थळावरून उतरवलेल्या मजकुरात प्रत्येक बातमीखाली 'हेही वाचा' आणि चॅनलला सामील होण्याचे आवाहन येते. मोठ्या संग्रहात हे विरून जाते, १० लाख शब्दांत जात नाही. एखादा विरळ शब्द ३० वेळा आला असे मोजणी सांगते, पण ती दहा-दहा वेळा छापलेली तीनच वाक्ये असतात. मॉडेलला मग त्या वाक्यातले सगळे शब्द एकमेकांचे सख्खे वाटतात आणि दहा शेजारी एकाच बातमीतून येतात.

ओळखायची सोपी युक्ती अशी: संशयित शब्द असलेले सगळे परिच्छेद छापा आणि वाचा. पंधरा-वीस वाचले तरी डोळ्यांना कळते. मग साफ केलेल्या परिच्छेदांचा `set` करून नेमकी पुनरावृत्ती काढा. आवाहनाच्या ओळींसाठी वेगळे काही लिहावे लागत नाही. ज्या ओळी २० पेक्षा जास्त बातम्यांत शब्दशः येतात त्यांची यादी काढा, हाताने नजर फिरवा आणि वगळा. जवळजवळ सारख्या, चार शब्द बदललेल्या बातम्यांसाठी सलग आठ शब्दांचे तुकडे करून पाहा. दोन परिच्छेदांचे निम्म्याहून जास्त तुकडे जुळले तर एकच ठेवा. यातून संग्रह बराच लहान होतो आणि जीव हळहळतो, पण जे गेले त्याने शिकवण्यात भर पडतच नव्हती.

सहावी तपासणी: फेऱ्या, सॅम्पल आणि निगेटिव्ह

इथून पुढे पुन्हा शिकवावे लागते, म्हणून हे इतके खाली ठेवले. सगळीकडे ०.९९ साम्य असल्याचे लक्षण इथे सुटते.

शिकवताना काय होते ते थोडक्यात सांगतो. 'शेतकरी'जवळ 'कर्ज' आले की त्या जोडीला जवळ ओढले जाते आणि त्याच वेळी संग्रहातून काही खोटे शेजारी उचलून 'शेतकरी'ला त्यांच्यापासून दूर ढकलले जाते. खोटे शेजारी वारंवारतेच्या ०.७५ घातानुसार निवडले जातात, म्हणजे 'आहे', 'आणि', 'या' हे सगळ्यांच्याच वाट्याला पुन्हापुन्हा येतात. सुरुवातीला संदर्भाचे व्हेक्टर शून्य असतात. पहिल्या काही फेऱ्यांत प्रत्येक शब्दाला हे सर्वसामान्य धक्केच जास्त बसतात, म्हणून सगळे शब्द एकाच दिशेला सरकतात. त्यांच्यातला फरक नंतर, एकेका शब्दाच्या खास शेजाऱ्यांमुळे हळूहळू उमटतो. तिथपर्यंत पोहोचण्याआधी शिकवणे थांबले की सगळ्यांचे साम्य ०.९९ दिसते.

`epochs` ची मूळ किंमत ५ आहे. २० वेळा आलेल्या शब्दाचा हिशेब करून पाहा. `window=5` असताना प्रत्येक जागी खिडकीचा आकार १ ते ५ मधून यादृच्छिक निवडला जातो, सरासरी ३. दोन्ही बाजू मिळून सुमारे ६ जोड्या. एका फेरीत १२०, पाच फेऱ्यांत ६००. एवढ्यात १०० आकडे जागेवर बसत नाहीत. ३० फेऱ्यांत त्या ३,६०० होतात. छोट्या संग्रहाला मी २० ते ४० फेऱ्या देतो. त्यापुढे मात्र तीच वाक्ये पाठ होऊ लागतात. फेऱ्या वाढवल्याने नवे संदर्भ येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

`sample` मध्ये लोक हमखास फसतात, कारण मोठ्या संग्रहासाठीची `1e-5` ही किंमत कुठूनतरी उचललेली असते. अतिवारंवार शब्द काही वेळा गाळायचे, हा या सेटिंगचा उद्देश. १० लाखांत 'आहे' २ टक्के जागी आले असे धरा. मूळ किंमत `1e-3` ठेवली तर त्याची सुमारे २७ टक्के वेळा नोंद राहते, `1e-4` ला साडेसात टक्के आणि `1e-5` ला दोनच्या थोडी वर. इथवर ठीक आहे. पण १०० वेळा आलेला 'कर्जमाफी' घ्या. `1e-4` ला तो पूर्ण राहतो, `1e-5` ला त्याच्या जवळपास ६० टक्के जागा गाळल्या जातात. ज्या शब्दासाठी हा खटाटोप चालला आहे त्याचेच संदर्भ आपण टाकून देतो. म्हणून या आकाराच्या संग्रहाला मी `1e-4` देतो. गाळलेल्या शब्दांच्या जागा मिटतात आणि खिडकी अर्थवाही शब्दांपर्यंत पोहोचते, हा वरचा फायदा.

`negative` ची किंमत मूळ २०१३ च्या शोधनिबंधातच छोट्या संग्रहासाठी ५ ते २० आणि मोठ्यासाठी २ ते ५ सुचवलेली आहे. मी १० ठेवतो. `window` ने बिघाड सुटत नाही, शेजाऱ्यांची जात बदलते. २ ठेवली तर त्याच व्याकरणी जागेवर बसणारे शब्द येतात, ८ ते १० ठेवली तर त्याच विषयातले.

```python
Word2Vec(sentences, sg=1, vector_size=100, window=5, negative=10,
         sample=1e-4, min_count=10, epochs=30, workers=1, seed=1)
```

सातवी तपासणी: पाच वेळा शिकवून पाहा

यादी एकदा छान आली म्हणून थांबू नका. `seed` १ ते ५ देऊन पाच मॉडेल शिकवा, प्रत्येकातून त्याच शब्दाचे पहिले दहा शेजारी काढा आणि पाचही याद्यांत कोणते शब्द आहेत ते पाहा. `workers=1` ठेवा, नाहीतर थ्रेडचा क्रमही निकालात मिसळतो. छोट्या संग्रहात हे करायला फारसा वेळ लागत नाही.

मैत्रिणीच्या संग्रहावर सगळी सफाई झाल्यावर आम्ही हेच केले. 'शेतकरी'च्या पाचही याद्यांत 'शेतमजूर', 'उत्पादक', 'बळीराजा' टिकून होते, बाकीचे येऊन-जाऊन. 'सावकार' हा शब्द पहिल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता आणि उरलेल्या चारांत कुठेच नव्हता. ती त्यावर प्रबंधात एक परिच्छेद लिहायच्या बेतात होती. मोजून पाहिले तर तो शब्द `min_count` जेमतेम ओलांडत होता. टिकलेले शेजारीच खरे धरा. आणि `seed` बदलण्याबरोबर बातम्याही बदलून पाहा: दरवेळी एकूण बातम्यांइतक्याच बातम्या यादृच्छिक, पुन्हा निवडण्याची मुभा ठेवून घ्या. एखाद-दुसऱ्या बातमीच्या जोरावर उभा असलेला शेजारी यात लगेच गळतो.

आठवी तपासणी: प्रत्यय तोडणे

हे सर्वांत अवघड आहे, आणि वरचे सगळे करूनही महत्त्वाचे शब्द विरळच राहिले तरच याला हात घाला. 'धरण' संग्रहात 'धरणाच्या', 'धरणातून', 'धरणाला', 'धरणांमधील', 'धरणापासून' असे विखुरलेले असते आणि मॉडेलला हे सगळे परके शब्द वाटतात.

शेवटचे 'ला', 'ने', 'त', 'ना' नुसते कापू नका. 'भारत'चा 'भार' होतो, 'शेत'चा 'शे', 'सोने'चे 'सो'. उरलेला भाग निदान तीन प्रत्ययांसह सापडला तरच तोडायचे, असा नियम मी एकदा केला. तो 'महि'पाशी कोसळला. 'महिला', 'महिना', 'महिने' तिन्ही बातम्यांत भरपूर, आणि महिला व महिने एकाच शब्दात जमा झाले.

मग मी षष्ठीची साक्ष मागू लागलो. 'X' + 'ला' तोडायचे असेल तर 'X' + 'च्या' संग्रहात असलेच पाहिजे. 'धरणाला' तुटतो, कारण 'धरणाच्या' आहे. 'महिच्या', 'भारच्या', 'सोच्या' नसतात, म्हणून 'महिला', 'भारत', 'सोने' वाचतात. 'झाला', 'केला' ही क्रियापदेही वाचतात. हा नियम पुष्कळ काम करतो, तरी पूर्ण नाही. 'आप' हे पक्षाचे नाव बातम्यांत येते, त्यामुळे 'आपच्या' सापडते आणि 'आपला' हकनाक तुटतो. अशा शब्दांची हाताने यादी ठेवावी लागते. आणि 'धरण', 'धरणा', 'धरणां' ही तीन रूपे वेगळीच राहतात. डझनाची तीन झाली, एवढाच लाभ.

`FastText` वापरून शब्दांचे तुकडे मॉडेलकडेच सोपवणे हा दुसरा मार्ग. त्यात विरळ रूपांना आधार मिळतो, पण शेजाऱ्यांच्या यादीत त्याच शब्दाची रूपे आणि दिसायला सारखे शब्द वर येतात. म्हणून ती यादी स्किप-ग्रॅमच्या यादीशी थेट ताडून पाहू नका.

कुठे थांबायचे, कोणाला बोलवायचे

मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून आला असेल, म्हणजे कॉपी केल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसत असेल, तर पहिल्या तपासणीतच थांबा. अशा फॉन्टांचे रूपांतर करण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडे तो द्या. घरी केलेल्या रूपांतरात वेलांट्या आणि रफार चुकीच्या जागी बसतात, आणि ती चूक पुढे प्रत्येक तपासणीत वेगळ्याच रूपात दिसत राहते.

सातव्या तपासणीत पाच याद्यांत दोनाहून कमी शब्द टिकले आणि आणखी मजकूर मिळण्याजोगा नसेल, तर सेटिंग बदलणे थांबवा. तेवढ्या मजकुरात ती माहितीच नाही. तयार मराठी व्हेक्टर घ्या. फास्टटेक्स्टने १५७ भाषांसाठी कॉमन क्रॉल आणि विकिपीडियावर शिकवलेले व्हेक्टर खुले केले आहेत, त्यांत मराठी आहे. पुण्याच्या एल३क्यूबनेही मराठीसाठी स्वतंत्र फास्टटेक्स्ट मॉडेल दिले आहे. तुमच्याच संग्रहातला वापर तपासायचा असेल तर मात्र ते चालणार नाहीत, कारण ते दुसऱ्या मजकुराचे शेजारी सांगतील.

आठव्या तपासणीत अपवादांची यादी शंभराच्या वर गेली की थांबा आणि मराठी रूपविचार व संगणन दोन्ही जाणणाऱ्या भाषाविज्ञान्याला गाठा. जाताना साफ केलेला मजकूर, शब्दांच्या वारंवारतेची यादी आणि तुमच्या नियमाने चुकीचे तुटलेले पन्नास शब्द सोबत न्या.

शेजाऱ्यांवरून शोधनिबंधात दावा करायचा असेल, उदाहरणार्थ दोन काळांत एखाद्या शब्दाचा अर्थ सरकला, तर लिहिण्याआधी संख्याशास्त्र जाणणाऱ्याला पाचही याद्या आणि बातम्या बदलून केलेले निकाल दाखवा. मैत्रिणीने तसे दाखवले, आणि 'सावकार'चा परिच्छेद लिहिलाच नाही.